कावीळ न होणारी कावीळ

"काविळीच्या बहुतेक रुग्णांना कावीळ होत नाही."

हे वाक्य मी तीनदा वाचलं. पंचवीस-तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, त्यामुळे एखादं वाक्य चुकलेलं असलं की डोळ्याआधी कान सांगतो. इथे कानाला काहीच खटकलं नाही. व्याकरण चोख, शब्द ओळखीचे, वाक्य सुटसुटीत. फक्त अर्थ नव्हता.

आमचा आरोग्यकोश विकी पद्धतीचा आहे. कुणीही यावं, इंग्रजी पान घ्यावं, मराठीत करावं, दुसऱ्याने ते तपासावं. आम्ही नियमित काम करणारे जेमतेम दहा-बारा जण. सोलापूरच्या एक परिचारिका, इंदूरला दोन पिढ्या काढलेले एक निवृत्त औषधविक्रेते (त्यांना सगळे काका म्हणतात), औषधनिर्माणशास्त्र शिकणारी दोन-तीन मुलं, आणि मी. मला वैद्यकातलं काही कळत नाही. माझ्याकडे शब्दांचा तक्ता आहे: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे ठरलेला मराठी शब्द. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो धरून चालायला सांगतो.

ते वाक्य ज्या मुलाने लिहिलं, त्याने नेमकं तेच केलं होतं. मूळ वाक्य हिपॅटायटिस बी या आजाराबद्दलचं. अनेकांच्या शरीरात या आजाराचा विषाणू असतो, पण त्यांचे डोळे किंवा कातडी कधीच पिवळी पडत नाही, असा त्याचा अर्थ. मुलाने तक्ता उघडला. हिपॅटायटिससमोर 'कावीळ' होतं. अंग पिवळं पडणं या लक्षणासमोरही 'कावीळ'च होतं. पहिली ओळ कुणीतरी पावसाळ्यात भरली होती, दूषित पाण्याची पानं करताना. दुसरी कुणीतरी दिवाळीनंतर, नवजात बाळांची पानं करताना. दोघांचंही चुकलं नव्हतं. गावात दोन्हीला कावीळच म्हणतात, बाळांना टोचतात तीही 'काविळीची लस'. तक्त्यात साठ-सत्तर ओळींचं अंतर राखून बसलेल्या या दोन नोंदी त्या एका वाक्यात समोरासमोर आल्या.

हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात सोलापूरहून फोन आला.

"ताई, आपलं ते काविळीचं पान जरा बंद ठेवता येईल का?"

त्यांच्या प्रसूतिकक्षातलं एक बाळ तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसायला लागलं होतं. यात नवल नाही. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ होतेच. बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं, आणि ते बाहेर टाकण्याचं काम यकृताला अजून नीट जमत नसतं. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं झालं किंवा पिवळेपणा फार वाढला तर गोष्ट वेगळी. एरवी डॉक्टर लक्ष ठेवतात आणि आईला सांगतात, पाजत राहा. दूध पोटात गेलं की शी होते आणि शीवाटे ते पिवळं द्रव्य निघून जातं.

या बाळाच्या आजीने मोबाइलवर आमचं 'नवजात बाळाची कावीळ' हे पान उघडलं. त्यातल्या 'कावीळ' या निळ्या शब्दावर बोट ठेवलं आणि ती हिपॅटायटिस बीच्या पानावर पोचली. तिथे लिहिलं होतं, कावीळ रक्तातून पसरते आणि आईकडून बाळाला होऊ शकते. झालं. आजीने बाळ आईपासून उचललं आणि वरचं दूध मागवलं. परिचारिकाबाईंना अर्धा तास समजूत घालावी लागली. आजी एकच म्हणत होती, "तुमच्याच पानावर लिहिलंय की."

गंमत अशी की खरोखर हिपॅटायटिस बी असलेली आईसुद्धा बाळाला पाजू शकते. मात्र बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत लस आणि त्याच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळायला हवं. तेही त्याच पानावर खाली होतं. तिथवर कोण वाचतंय!

मग आम्ही हा शब्द सोडवायला बसलो, आणि कावीळ हा शब्द किती ओझं वाहतो ते पहिल्यांदा दिसलं. हिपॅटायटिसचे विषाणू पाच: ए, बी, सी, डी, ई. ए आणि ई दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. उन्हाळ्याअखेर किंवा पावसाळ्यात गटाराचं पाणी नळात शिरलं की 'गावात काविळीची साथ' येते ती बहुधा यांची. बी आणि सी रक्तातून पसरतात. डी तर बी असल्याशिवाय जगतच नाही. याखेरीज पित्ताचा खडा नळीत अडकला की कावीळ होते, दारूने यकृत खराब झालं की होते, भातशेतीच्या दिवसांत चिखलातून लेप्टो झाला तरी होते. यातली कावीळ म्हणजे फक्त डोळ्यांत उतरलेला रंग. शब्द मात्र सगळ्यांना एकच.

काविळीची माळ घालतात ना, ती दिवसागणिक लांबत जाते आणि कावीळ उतरते असं म्हणतात, तिचं नाव होण्यामागेही हाच एक शब्द आहे असं माझं मत झालं. हिपॅटायटिस ए बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. माळ नसती घातली तरी झाला असता. पण 'कावीळ माळेने जाते' म्हटलं की त्यात बीसुद्धा आला, जो माळेला दाद देत नाही आणि गाजावाजा न करता वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहू शकतो.

शब्द निवडताना वाद झाला, आणि तो चांगला झाला. इंदूरच्या काकांचं म्हणणं 'यकृतशोथ' घ्यावा. हिंदीत तो रुळलेला आहे आणि त्यांच्या कानाला सवयीचा. पण मराठीत शोथ कळतो तो आयुर्वेद शिकलेल्यांना. फार्मसीच्या मुलांना 'यकृतदाह' हवा होता. शब्द देखणा खराच. पण दाह म्हटल्यावर साध्या वाचकाला जळजळ आठवते, आणि हिपॅटायटिसच्या रुग्णाचं काही जळत नसतं. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आम्ही नेहमी बघतो. ते विद्यार्थी आणि अभ्यासक यांच्यासाठी केलेले आहेत, त्यामुळे शास्त्रीय संज्ञा तिथे मिळते, पण वाचकाच्या हातात कोणता कागद आहे ते तिथे मिळत नाही. वादाचा निकाल लावला परिचारिकाबाईंनी. त्या म्हणाल्या, "माणूस आपल्या पानावर येतो तो हातात रिपोर्ट घेऊन. रिपोर्टवर यकृतदाह लिहिलेलं मी नोकरीत एकदाही पाहिलं नाही."

तेव्हा ठरलं: आजाराचं नाव हिपॅटायटिस. पहिल्या ओळीत एकदाच 'म्हणजे यकृताला आलेली सूज' आणि 'बोलीभाषेत यालाही कावीळ म्हणतात' असं सांगायचं, आणि त्यानंतर त्या पानावर कावीळ हा शब्द फक्त रंगासाठी. डोळे पिवळे, लघवी पिवळी, कातडी पिवळी, तर कावीळ. ज्या शब्दाने लोक काहीतरी डोळ्यांनी बघतात, तो त्या दिसणाऱ्या गोष्टीकडेच राहू द्यायचा.

ठरवायला दोन संध्याकाळ लागल्या. पानं दुरुस्त करायला दीड महिना.

एका उत्साही मुलाने रात्रीतून 'कावीळ' शोधून 'हिपॅटायटिस' ठेवण्याची आज्ञा चाळीसेक पानांवर चालवली. सकाळी उठून पाहिलं तर एका पानावर 'रुग्णाच्या डोळ्यांत हिपॅटायटिस दिसते' असं लिहिलेलं. हे उघड होतं, लगेच सापडलं. न सापडणारं नुकसान वेगळंच होतं. इंग्रजीत शब्द वाक्यात कुठेही आला तरी त्याचं रूप फारसं हलत नाही. आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधी शब्द अंग चोरतो. कावीळ, पण काविळीचा, काविळीने, काविळीत. दीर्घ वी ऱ्हस्व होते, शेवटी आणखी एक ई येते. यंत्राने 'कावीळ' तेवढी बदलली आणि 'काविळी' तशीच राहिली. आता पानाच्या पहिल्या ओळीत हिपॅटायटिस होतो, तिसऱ्या ओळीत काविळीची लस घ्यायला सांगितलेली, पाचव्या ओळीत हिपॅटायटिसची तपासणी. वाचणाऱ्याला वाटणार हे दोन वेगळे आजार आहेत. आधी दोन गोष्टींना एक शब्द होता, आता एका गोष्टीला दोन.

आणि लिंग! कावीळ ती, हिपॅटायटिस तो. नाम बदललं की क्रियापद, विशेषण, सर्वनाम, सगळी वरात बदलावी लागते. 'झाली' राहिली, 'ती बरी होते' राहिलं. 'काविळीत' मोकळेपणी म्हणता येतं, पण 'हिपॅटायटिसात' कानाला सोसत नाही, तिथे 'हिपॅटायटिसमध्ये' करावं लागतं. म्हणजे शब्द बदलणं हे वाक्य पुन्हा लिहिणंच आहे, यंत्राला सांगायचं काम नव्हे. यंत्राने फक्त दाखवावं की इथे बघ. त्यासाठी एका मुलाने मला हा शोधाचा साचा करून दिला, तो मी अजून वापरते:

```
काव[िी]ळ
```

चौकोनी कंसातल्या दोन वेलांट्यांपैकी कोणतीही चालेल असा त्याचा अर्थ. कावीळ सापडते, काविळीची सापडते, आणि चुकून काविळ लिहिलेलीही सापडते. सापडलं की थांबायचं, वाक्य वाचायचं, इथे आजार आहे की रंग ते ठरवायचं, मग हात लावायचा. बदलण्याची आज्ञा आता आमच्याकडे कुणीच चालवत नाही.

तक्ताही तेव्हापासून पालटला. पूर्वी दोन रकाने होते. आता मराठी शब्दापुढे त्याचं लिंग लिहिलेलं असतं आणि सामान्यरूपही, कारण 'लसीचा' की 'लशीचा' यावर दोन माणसं दोन पानं दोन प्रकारे लिहितात आणि मग शोधताना निम्मी पानं हाती लागतच नाहीत. त्यापुढे एक नमुन्याचं वाक्य. आणि सगळ्यात उपयोगी रकाना शेवटचा: हा शब्द कशासाठी वापरायचा नाही. कावीळसमोर तिथे लिहिलंय, 'आजाराचं नाव म्हणून नाही.' नवीन शब्द भरणाऱ्याने आधी उजव्या बाजूचा शब्द पूर्ण तक्त्यात शोधायचा, तो दुसरीकडे कामाला लागलेला आहे का ते बघायचं, मगच ओळ भरायची. आमची पहिली चूक तिथेच झाली होती. इंग्रजी शब्द दोनदा येत नाही ना एवढंच आम्ही तपासायचो. मराठी शब्द दोनदा येतोय का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

उलट्या बाजूने बघायला लागल्यावर लपलेली जुनी पापं बाहेर आली. त्यातलं एक 'क'.

जीवनसत्त्वांना आपण अ, ब, क, ड म्हणतो. इंग्रजी ए, बी, सी, डी यांच्या जागी बाराखडीतले सोयीचे वर्ण बसवले आणि ते शाळेच्या पुस्तकांपासून घट्ट रुजले. म्हणजे लिंबात, आवळ्यात असतं ते सी, आपलं क जीवनसत्त्व. आता इंग्रजीत 'के' नावाचंही एक जीवनसत्त्व आहे, रक्त गोठायला लागणारं. नवजात बाळात ते कमी असतं, म्हणून जन्मल्यावर त्याचं इंजेक्शन मांडीत देतात, नाहीतर क्वचित एखाद्या बाळाला आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. आमच्या पानावर लिहिलं होतं: 'जन्मताच बाळाला क जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे.' लिहिणाऱ्याने के या अक्षराला क लावला होता, यात अन्याय काहीच नाही. पण वाचणारी आई म्हणणार, लिंबातलंच ना, मग सुई कशाला, मीच रोज लिंबू खाते, दुधातून जाईल. तपासणाऱ्या तिघांच्या नजरेखालून ते पान गेलं होतं. मीही त्यात होते. मला फक्त 'जीवनसत्त्व'मधला दुहेरी त बरोबर आहे ना, तेवढं दिसलं होतं.

आता के हे 'के जीवनसत्त्व'च आहे. आणि तेव्हाच हेही ठरलं की जीवनसत्त्वं अ, ब, क, ड राहतील, पण हिपॅटायटिस मात्र ए, बी, सी. हा विसंवाद आहे, मला तो रोज टोचतो, पण तो जाणूनबुजून ठेवलेला आहे. 'हिपॅटायटिस क' असं लिहिलं तर रिपोर्टवरच्या सीशी ताळा कोण घालणार? आणि आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाचं नाव आता बदलून कोण ऐकणार? तक्त्यात त्या दोन ओळींसमोर मी कारण लिहून ठेवलंय, नाहीतर कुणीतरी नीटनेटका माणूस येईल आणि सगळं एकसारखं करून जाईल. एकसारखेपणाची हौस असलेल्यांचीच मला जास्त धास्ती वाटते. मी स्वतः त्यातली आहे.

आमच्यातल्या मराठीच्या एका शिक्षिकांचा आक्षेप वेगळा होता. पान वाचायला रुक्ष झालं, म्हणाल्या. एका परिच्छेदात सहा वेळा 'संसर्ग'. आम्हाला शाळेत शिकवलेलं असतं, एकच शब्द पुन्हा पुन्हा नको. म्हणून त्या एकदा संसर्ग, एकदा लागण, एकदा बाधा, एकदा प्रादुर्भाव असं छान फिरवून लिहायच्या. निबंधाला दहापैकी नऊ मिळाले असते. पण आजारी माणूस पानात सौंदर्य शोधत नसतो. त्याला वाटतं, शब्द बदलला म्हणजे गोष्ट बदलली. लागण झालीय पण बाधा नाही झाली, असं त्याच्या मनात येऊ शकतं. बाई थोड्या हिरमुसल्या. प्रस्तावनेचा परिच्छेद त्यांनी हवा तसा लिहावा अशी तडजोड झाली आहे. तो त्या सुरेख लिहितात.

एक ओळ मात्र तक्त्यात अजून रिकामी आहे.

वैद्यकात एक विशेषण आहे, जे अचानक सुरू झालेल्या आणि थोडे दिवस टिकणाऱ्या आजाराला लावतात, आणि दुसरं आहे, जे आजार किती जोराचा आहे ते सांगतं. पहिलं काळाचं, दुसरं जोराचं. मराठीत दोन्हीला आपण बिनदिक्कत 'तीव्र' म्हणत आलो. पोट दुखून दोन दिवसांत बरा होणारा सौम्य आजारही पहिल्या अर्थाने 'तीव्र' असू शकतो. स्वादुपिंडाच्या पानावर त्यामुळे 'सौम्य तीव्र स्वादुपिंडदाह' असं एक अजब प्रकरण बसलं होतं. उपशीर्षकच होतं ते! वाचणारा ठेचकाळणार नाही तर काय.

जोराचा म्हणजे 'तीव्र' आणि दीर्घ मुदतीचा म्हणजे 'दीर्घकालीन' इथवर एकमत झालं. 'जुनाट' घेतला नाही, कारण हिपॅटायटिस बी सहा महिन्यांहून अधिक काळ अंगात राहिला की डॉक्टर त्याला दीर्घकालीन म्हणतात, आणि सहा महिन्यांच्या दुखण्याला जुनाट म्हटलेलं कुणालाच पटेना. पण त्या पहिल्या विशेषणाचं काय? 'अल्पकालीन' हिपॅटायटिसला शोभतो, हृदयविकाराच्या झटक्याला नाही. 'आकस्मिक' अपघाताचा वाटतो. कुपोषणाची पानं तर वेगळीच अडचण. तिथे 'तीव्र कुपोषित' हा शब्द अंगणवाडीच्या कामात मुरलेला आहे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की मूल त्या रकान्यात जातं. तो शब्द आम्ही बदलला तर अंगणवाडीताईची वही आणि आमचं पान जुळणार नाही. तेव्हा कुपोषणाला अपवाद, तोही कारणासकट लिहून ठेवलेला.

परवा काकांचा इंदूरहून फोन आला. त्यांचा गुडघा कित्येक वर्षांचा धरलेला आहे, त्यात सर्दी झाली होती. बोलता बोलता म्हणाले, "आमची आई म्हणायची, हे जुनं दुखणं, हे नवं दुखणं. गुडघा जुना, सर्दी नवी. तुमच्या त्या ओळीत 'नवा' बसतो का बघा."

मी हिपॅटायटिसच्या पानावर घालून पाहिला. 'नवा हिपॅटायटिस बी' म्हटलं की नवीन कुठला तरी विषाणू आला असं वाटतं. स्वादुपिंडाच्या पानावर थोडा बसतो. खोकल्याच्या पानावर चांगलाच बसतो. तक्त्यात मी तो भरला आहे, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. सोलापूरच्या बाईंना रात्रपाळी आहे, त्या उद्या सकाळी बघते म्हणाल्या.